तीनशे पिशव्या आणि पडद्याचं चित्र

मत्स्यबीज केंद्राच्या भांडाराची किल्ली एकोणीस वर्षं माझ्या कमरेला होती. ती एकदा जाणार होती. त्याची ही हकीकत.

आमचं केंद्र पोंभुर्ण्याच्या बाजूला, एका मोठ्या मामा तलावाच्या, म्हणजे मालगुजारांनी बांधलेल्या जुन्या तलावाच्या, पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी. मच्छीमार सोसायट्यांच्या संघाचं. पावसाळ्यात इथे रोहू, कटला, मृगळाची अंडी उबवायची, त्यांतून निघालेलं जिऱ्याएवढं पिल्लू, आमच्या बोलीत जिरं, हौदात वाढवायचं, आणि बोटाएवढं पोर झालं की ते गावोगावच्या सोसायट्या आपापल्या तलावात सोडायला घेऊन जायच्या. अहेरीकडून जीप येत, जिवतीच्या डोंगरावरून येत. तलावात पोर सोडलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात जाळ्यात काही नाही. ढिवराच्या घरात हे शिकवावं लागत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. नवरा संघात चौकीदार होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. आधी हौद घासायला, मग भांडारात. लिहिता वाचता येणारी बाई तिथे मी एकटी होते, म्हणून किल्ली मला मिळाली. मेहेरबानी कोणाची नव्हती.

भांडार म्हणजे टिनाची एक लांब खोली. त्यात पेंडीची पोती, चुना, दोरी, सुतळी, हाप्याचं, म्हणजे पोर ठेवायच्या जाळीच्या पेटीचं कापड, हौदाचं पाणी साफ करायची लाल दवा, ऑक्सिजनच्या टाक्या, रबर बँड आणि प्लास्टिकच्या पिशव्या. मी त्यात एक रीत लावली होती. प्रत्येक मालाच्या थप्पीत, जिथपर्यंत उतरलं की मागवायला हवं, तिथे जुन्या लुगड्याची एक चिंधी घालायची. थप्पी उतरत गेली आणि चिंधी उघडी पडली की मागणी लिहायची. चिंधीच्या खाली जो माल आहे तो नवीन माल येईपर्यंत पुरला पाहिजे, हा हिशोब. उन्हाळ्यात चिंधी खाली, पावसाळ्याच्या तोंडावर वर. पंधरा वर्षांत पेंड संपली म्हणून एक हौद उपाशी राहिला नाही.

मग संघात नवीन सचिव आले आणि चंद्रपूरच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. दोन्ही एकाच वर्षी. नवीन शतकाची चार-पाच वर्षं झाली असतील.

सचिव हुशार माणूस होता, मी नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या कुठल्या तरी केंद्रावर एका भांडारवाल्यानं गरज नसताना माल मागवून ठेवला होता आणि तो सडला होता. त्यानंतर सचिवांच्या लेखी सगळे भांडारवाले एकाच माळेचे मणी. त्यांनी पत्रक काढलं. ते मी इतक्यांदा वाचलं की अजून पाठ आहे. मागणी यापुढे कॉम्प्युटरच्या तक्त्यावरूनच काढायची. ज्या वस्तूची शिल्लक किमान साठ्यापेक्षा कमी दिसेल तेवढीच यादीत घ्यायची. शिल्लक किमानाच्या दुप्पट होईल इतकीच मागवायची. अंदाजाने एकही वस्तू लिहू नये. यादी भांडारानेच काढायची, म्हणजे चूक झाली तर जबाबदारी भांडाराची.

खाली माझ्यासाठी हातानं लिहिलेली वेगळी ओळ होती. या वेळची यादी बरोबर आली नाही तर किल्ली ऑफिसात जमा करावी.

आता तक्ता चंद्रपुरात आणि भांडार इथे. मी दर शनिवारी आवक-जावकचं पान एसटीनं पाठवायची, ऑफिसातला कारकून ते कॉम्प्युटरमध्ये भरायचा. हा कारकून बल्लारपूरचा, पन्नाशीचा, मुसलमान, आधी संघाच्या ट्रकांचा हिशोब ठेवायचा. माणूस सरळ होता. पण तक्ता छापायला गेला की पानं फुटायची. वस्तूंची नावं एका कागदावर आणि आकडे दुसऱ्यावर. म्हणून त्यानं युक्ती केली. पडद्यावर जे दिसतं त्याचंच चित्र काढलं आणि ते छापलं. दोन चित्रं झाली. ती घडी घालून त्यानं पोंभुर्ण्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिली.

कंडक्टरनं मला ती दिली तेव्हा एका कोपऱ्याला तंबाखूचा डाग होता. तो कंडक्टरचा की कारकुनाचा, विचारलं नाही.

चित्रासोबत चिठ्ठी होती. "काकू, जे लाल दिसेल तेवढं कागदावर उतरवून पाठवा. कमी असलेला माल कॉम्प्युटर स्वतःच लाल करतो."

मी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. लाल काही नव्हतं. ऑफिसचं छपाई यंत्र काळ्या शाईचं. मथळाही राखाडी, मधल्या काही ओळीही राखाडी, आणि दोन ओळी घडीवर पुसल्या गेल्यानं राखाडी.

माझी धाकटी जाऊ पिशव्या बांधायच्या कामावर होती. ती डोकावून म्हणाली, "हे तं मयताच्या पत्रासारखं दिसते वो बाई."

"मयत कोनाचं?"

"तुमच्या किल्लीचं," ती म्हणाली आणि हसली. ती कधीही हसते.

लाल नाही तर नाही. आकडे तर होते. मी पोत्यावर कागद पसरला, ओळीखाली फूटपट्टी ठेवली, आणि एकेक ओळ वाचायला लागले. वस्तू, एकक, आवक, जावक, शिल्लक, किमान. मला त्यातले शेवटचे दोनच रकाने हवे होते. शिल्लक लहान असेल तर घ्यायची, नाहीतर फूटपट्टी खाली.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पाहून घेतली. हे चित्र कोणत्या शनिवारचं? चित्राच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळ होतं, अकरा बेचाळीस. वेळ होती, तारीख नव्हती. मी माझं रजिस्टर काढलं. सुतळीची शिल्लक गेल्या शनिवारच्या पानाशी जुळली, लाल दवेचीही जुळली. म्हणजे माझं शेवटचं पान त्यानं भरलं होतं, आणि त्यानंतर मी या मालांपैकी काही दिलं नव्हतं. मग पुढे गेले.

शेंगदाणा पेंड, शिल्लक नऊ पोती, किमान बारा. घेतली. दुप्पट म्हणजे चोवीस, त्यातून नऊ गेली, पंधरा मागवायची. लाल दवा दोन किलो, किमान तीन. चार किलो मागवायची. ऑक्सिजनच्या भरलेल्या टाक्या दोन, किमान तीन. चार टाक्या. सुतळी पाच गुंडे, किमान सहा. सात गुंडे.

नायलॉन दोरी आठ आणि किमानही आठ. इथे मी थांबले. माझ्या रीतीनं चिंधी उघडी पडली म्हणजे मागवायचं. पण पत्रकात "कमी" लिहिलं होतं आणि आठ ही आठापेक्षा कमी नाही. दोरी सोडली. पत्रक त्यांचं, नियम त्यांचा. जिथे नियमानं काही बिघडत नव्हतं तिथे मी नियम पाळला, हे मी पुढेही सांगितलं.

मोहाच्या पेंडीच्या ओळीत शिल्लकीच्या जागी आकडाच नव्हता. नुसतं कुंपण. उभ्या-आडव्या काड्या, एकापुढे एक.

"संपली असंल," जाऊ म्हणाली.

"संपली असती तं भोपळा लिहिला असता."

"मंग हे काय?"

"ठाऊक नाई. ठाऊक नाई म्हंजे संपली असं नाई."

मोहाची पेंड आम्ही पोर सोडण्याआधी हौदातले नको ते मासे मारायला टाकतो. ती नसली तर कामच थांबतं. मी उठून पोती मोजली. अकरा पोती, पन्नास-पन्नास किलोची. किमान पाचशे किलो लिहिलं होतं, माझ्याकडे साडेपाचशे होती. यादीत घ्यायची नाही. बाजूला खूण करून ठेवली, कारकुनाला विचारायचं.

पहिलं चित्र संपलं. दुसरं सुरू केलं आणि डाव्या काठाकडे नजर गेली. तिथे ओळींचे नंबर असतात, बारीक. पहिल्या चित्राची शेवटची ओळ एकोणतीस. दुसऱ्याची पहिली तेहतीस.

"तीस, एकतीस, बत्तीस कुठी गेले?"

"कंडक्टरनं खाल्ले," जाऊ म्हणाली.

गावात एकच एसटीडी बूथ होता. तिथे जाऊन चंद्रपूरला फोन लावला.

"भाऊ, तुमच्या चित्रात तीन ओळी नाईत."

"असं कसं? मी पूर्ण फोटो काढला, काकू."

"एकोनतीसनंतर तेहतीस आहे. डावीकडं पाहा."

तिकडे बटणं वाजली. मग कारकून म्हणाला, "या अल्ला. खाली सरकवताना जास्तच सरकलं. पण तुमच्या ध्यानात कसं आलं? साहेबांनी तं दोन्ही कागद पाहिले होते."

"मोजता येते मले. वाचा त्या तीन ओळी."

त्यानं वाचल्या. रबर बँड चार पाकिटं, किमान दहा. चुना सहा पोती, किमान पंधरा. हाप्याचं कापड पुरेसं.

"म्हंजे रबर बँड सोळा पाकिटं अन् चुना चोवीस पोती," मी म्हटलं.

"थांबा थांबा. चुना लिहू नका. शेवटच्या रकान्यात वीस पोत्यांची ऑर्डर आधीच गेली आहे, येऊन राह्यला चुना."

"शेवटचा रकाना? माह्या चित्रात किमानावर तक्ता संपते."

"उजवीकडं पडद्याबाहेर गेला असंल."

"मंग बाकीच्या ओळींचा तो रकाना वाचा."

त्यानं सगळा वाचला. चुन्याशिवाय कशाचीच ऑर्डर गेलेली नव्हती. कुंपणाबद्दल विचारलं तर तो हसला. रकाना अरुंद आणि आकडा रुंद, आकडा मावला नाही की कॉम्प्युटर तसं करतो. रकाना रुंद केल्यावर आतून दशांशाच्या दोन शून्यांसकट साडेपाचशे निघाले. माझ्या अकरा पोत्यांशी जुळले.

बूथवाल्याला पैसे देऊन परत आले. यादीत पाच वस्तू होत्या. पेंड, लाल दवा, टाक्या, सुतळी, रबर बँड. पत्रकाप्रमाणे यादी पूर्ण झाली होती. सही करून संध्याकाळच्या गाडीत टाकली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

मी कागद गुंडाळत होते आणि समोर पिशव्यांच्या थप्पीवर चिंधी लोंबत होती. तीन दिवसांपासून उघडी होती.

चित्रात पिशव्यांची ओळ पुन्हा पाहिली. शिल्लक चारशेऐंशी, किमान तीनशे. कमी नाही. भरपूर.

थप्पी मोजली. शंभराची चार पाकिटं आणि फोडलेल्या पाकिटात ऐंशी. चारशेऐंशी, बरोबर. मग चिंधीचा हिशोब पाहिला. ती मी सहाव्या पाकिटावर घातली होती. म्हणजे माझा किमान साठा सहाशेचा आणि तक्त्याचा तीनशेचा. हा तीनशे कोणाच्या डोक्यातून निघाला?

माझी मोजणी झाल्यावर जाऊ थप्पीतून पिशव्या नेऊन जिवतीच्या सोसायटीचं पोर भरायला बसली. एक पिशवी दुसऱ्या पिशवीत घालायची, खाली पाणी, त्यात पोर, वरून ऑक्सिजन, मग तोंड पिळून रबर बँड. एकच पिशवी वापरली तर रस्त्यातल्या खडकांवर जीप आदळते तेव्हा फुटते. म्हणून आमच्याकडे कायम दुहेरी. आणि दुहेरी असली तरी आम्ही तिला एकच पिशवी म्हणतो. "अहेरीले साठ पिशव्या गेल्या" म्हणजे साठ जोड्या, नग एकशेवीस. केंद्रावर कोणी दुसऱ्या तऱ्हेनं बोलतच नाही.

दोन वर्षांपूर्वी कारकून तक्ता भरायला केंद्रावर आला होता. खुर्चीत बसून एकेक वस्तू विचारत होता, कमीत कमी किती पाहिजे. मी हौद घासून घेत होते, तिथूनच ओरडून सांगत होते. पिशव्या? तीनशे. त्यानं लिहिलं तीनशे. आवक आणि शिल्लक मात्र बिलाप्रमाणे नगात. दुकानदार नगानं विकतो, मी रजिस्टरमध्ये पाकिटं फोडेन तशी नगानं लिहायची. म्हणजे एका रकान्यात नग आणि त्याला लागून असलेल्या रकान्यात जोड्या, आणि कॉम्प्युटर दोघांची तुलना करून म्हणत होता भरपूर आहे.

चूक माझी होती. कॉम्प्युटरची नाही, कारकुनाची तर अजिबात नाही.

मी जाऊला सांगितलं. तिनं हात पुसले, यादी पाहिली.

"मंग गप राहा ना. चित्रात नाई तं नाई. यादी बरोबर आहे, किल्ली तुमच्यापाशी राहीन."

"अन् पिशव्या?"

"संपल्या की सांगू संपल्या म्हनून. तवा मागवतीन ते."

"अहेरीच्या तीन जीपी पुढल्या आठवड्यात आहेत. एकशेऐंशी जोड्या त्याच नेतात. राह्यल्या साठ. जिवतीवाले अजून दोनदा येनार. नागपूरहून पिशव्या यायले पंधरा दिवस लागतात."

"तुमची चूक तुमीच लिहून देनार?"

"माही चूक मी नाई लिहीन तं कोन लिहीन?"

"येडी झाली बाई," ती म्हणाली आणि पुन्हा पिशव्या भरायला बसली. जिवतीच्या त्या बावीस पिशव्या झाल्या. म्हणजे पुन्हा चव्वेचाळीस नग गेले. पण यादी चित्रावरून काढायची होती, म्हणून मी चारशेऐंशीच धरले.

यादीत सहावी वस्तू लिहिली. प्लास्टिक पिशवी, शिल्लक ४८० नग, किमान ६०० नग, मागणी ७२० नग. खाली लिहिलं, "तक्त्यातला किमान ३०० हा आकडा मी जोड्यांत सांगितला होता. तो नगात ६०० आहे. चूक माझी. आज चित्रानंतर ४४ नग गेले. पिशव्या न आल्यास पोर हौदातच अडकेल." आणि सही. संध्याकाळच्या गाडीनं पाठवली.

यादी चौथ्या दिवशी परत आली. पाच वस्तूंपुढे बरोबरच्या खुणा. पिशव्यांच्या ओळीवर लाल पेनची आडवी रेघ. बाजूला सचिवांचं अक्षर: "तक्त्यात कमी नाही. अंदाजे मागणी. सूचना देऊनही नियम मोडला. सोमवारी किल्ली जमा करावी."

म्हणजे पाच ओळी बरोबर काढल्या त्याचं काही नाही, हरवलेल्या तीन ओळी शोधल्या त्याचं काही नाही. सहावी ओळ खरी लिहिली त्यासाठी किल्ली द्यायची. मला रडू वगैरे आलं नाही. राग आला. चार दिवसही फुकट गेले होते, त्याचा जास्त आला.

सोमवारी सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला गेले. किल्ली कमरेला, पिशवीत यादी, रजिस्टर, दोन रिकाम्या प्लास्टिक पिशव्या आणि रबर बँड. गोंडपिपरीचे दोन म्हातारे शेजारी बसले होते, त्यातल्या एकानं विचारलं, कुठं चालली बाई. म्हटलं भांडायला. तो म्हणाला, मंग खिडकीपाशी बसा.

ऑफिसात सचिव आत आपल्या टेबलाशी होते. कारकून बाहेर कॉम्प्युटरपुढे. मला पाहून त्यानं डोळ्यांनीच आत जा म्हणून सांगितलं.

"किल्ली आणली?" सचिवांनी विचारलं.

"आणली. देत नाई."

"बाई, मी पत्रक स्पष्ट काढलं होतं."

"वाचलं. दोरी आठ होती अन् किमान आठ होता. माह्या रीतीनं मागवली असती. तुमच्या पत्रकात कमी म्हटलं म्हनून सोडली. चुना कमी होता, पन ऑर्डर गेली होती म्हनून सोडला. नियम मोडायचा असता तं तिथी मोडला असता."

"मग पिशव्या का लिहिल्या? चारशेऐंशी आहेत, तीनशे लागतात. दुसरीतलं पोर सांगेल कोणता आकडा मोठा."

"माठ कुठी आहे तुमचा?"

"काय?"

माठ दाराशीच होता. मी एक प्लास्टिक पिशवी काढली, एकेरी, तांब्यानं तिच्यात पाणी भरलं, एक तृतीयांश, जसं आम्ही भरतो. तोंड पिळून रबर बँड लावला. आणि ती आणून सचिवांच्या टेबलावर, कागदांच्या वर ठेवली. पिशवी गबाळ्यासारखी पसरली आणि स्टेपलरच्या कोपऱ्याला जाऊन टेकली.

"अहो! उचला, उचला ती! फायली भिजतील!"

"काऊन? एक पिशवी आहे. तुमच्या तक्त्यात एका पिशवीत काम होते."

"फुटेल ती!"

"इथी टेबलावर फुटन म्हंता. अहेरीच्या रस्त्यानं जीपीत काय करन?"

सचिव खुर्ची मागे सरकवून उभे राहिले होते. कारकून दारात येऊन पाहत होता. मी पिशवी उचलली, दुसरी पिशवी काढली, पहिली तिच्यात घातली, आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"आता किती पिशव्या आहेत?"

त्यांनी फायली हातानं बाजूला ओढल्या.

"आमच्या इथी हिले एक म्हंतात. भाऊनं विचारलं तवा मी तीनशे म्हटलं ते ह्या तीनशे. तुमच्या बिलात ह्या सहाशे. माह्या तोंडून आकडा चुकला, तो मी लिहून दिला, सहीनिशी. चूक कबूल केली म्हनून किल्ली घेत असाल तं पुढला भांडारवाला चूक कबूल करनार नाई. लपवन. मंग तुमचा तक्ता रोज भरपूर आहे म्हनन अन् हौदात पोर मरन."

सचिव पिशवीकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "हे दुहेरी करायचं मला कोणी सांगितलं नाही."

"तुमी विचारलं नाई. केंद्रावर दोनदा आले, दोन्ही वेळा हौद पाहून गेले. भांडाराच्या आत आलेच नाई."

कारकून म्हणाला, "साहेब, काकू खरं बोलून राह्यल्या. मी तं खुर्चीत बसून लिहिलं होतं. जोडी की नग, मी पण विचारलं नाही."

त्याला बोलायची गरज नव्हती. बोलला. ते मी विसरले नाही.

सचिव बाहेर आले, कारकुनाच्या मागे उभे राहिले. "ती ओळ काढा."

कारकुनानं पिशव्यांची ओळ काढली. आधी शिल्लक आजची भरायला सांगितली मी, कारण चित्रानंतर अजून माल गेला होता. रजिस्टर उघडून आकडा दिला, एक फाटका नग वजा जाता तीनशेपंचवीस. मग किमानच्या चौकटीत त्यानं तीनशे खोडून सहाशे टाकले आणि एक बटण दाबलं.

ओळ लाल झाली.

इतके दिवस ते लाल मी ऐकलं होतं, चिठ्ठीत वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. माझ्याकडे आलेलं सगळं राखाडी. मिरचीसारखं लाल होतं.

"आता कमी दिसतं आहे," सचिव म्हणाले.

"कमी तवाही होतं. दिसत आता आहे."

ते वळले. आत गेले, यादीवरची आपली रेघ तशीच ठेवून शेजारी लिहिलं, "मंजूर. ८७५ नग." दुप्पट बाराशे, वजा तीनशेपंचवीस. हिशोब त्यांनीच केला, बरोबर केला. नागपूरच्या दुकानाला फोनही स्वतः लावला आणि पिशव्या पार्सलच्या ट्रकनं नको, एसटीनं पाठवा म्हणाले. तेवढं श्रेय त्यांना देते.

मी यादी घेतली, टेबलावरची पिशवी उचलली आणि पाणी बाहेरच्या तुळशीला ओतलं.

"किल्लीचं काय?" कारकुनानं हळू आवाजात विचारलं.

"कमरेला आहे," मी म्हटलं. आत सचिवांनी पुढची फाईल उघडली होती.

पिशव्या सहाव्या दिवशी आल्या. अहेरीच्या दोन जीपा वेळेत गेल्या. तिसरी एक दिवस थांबली, कारण शेवटच्या जोड्या आदल्या दिवशी संपल्या होत्या. त्या सोसायटीचा माणूस दिवसभर पाळीवर बसून मला बोलत होता. मी ऐकून घेतलं. यादी पहिल्याच दिवशी मंजूर झाली असती तर तो बसला नसता, पण तीनशे हा आकडाही माझ्याच तोंडचा होता.

पुढच्या चित्रापासून कारकून तारीख वर हातानं लिहू लागला, दोन चित्रांत एक ओळ मुद्दाम दोनदा घेऊ लागला, आणि एककाच्या रकान्यात पिशव्यांपुढे "नग" ठळक लिहू लागला. लाल ओळींपुढे पेननं फुली. मी त्याला सांगितलं नव्हतं. यादी चित्रावरूनच काढत राहिले, फूटपट्टी लावून, निवृत्त होईपर्यंत. आणि दर वेळी चित्र घेऊन भांडारात एक फेरी मारली. जिथे चित्र आणि थप्पी जुळली नाही तिथे आधी मोजलं आणि मग लिहिलं.

त्या दिवाळीनंतर सचिव केंद्रावर आले. या वेळी भांडाराच्या आत आले. थप्प्यांमधून लोंबणाऱ्या चिंध्या पाहिल्या, एक बोटानं उचलून पाहिली.

"बाई, आता तक्ता बरोबर झाला आहे. या चिंध्या काढून टाका. पाहुणे येतात, बरं दिसत नाही."

"पाहुने माल न्यायले येतात का चिंध्या पाहायले?"

"तक्ता आहे ना आता."

"तक्ता चंद्रपुरात आहे, साहेब. लाल तिथी दिसते. इथी मले चिंधीच दिसते."

ते चिंधी सोडून हौदांकडे गेले. चिंध्या मी काढल्या नाहीत. पिशव्यांच्या थप्पीतली तेवढी बदलली, जुनी कुजली होती. नवी लाल लुगड्याची घातली.